देखरेखीखालील ऑनलाइन परीक्षेसाठी घरगुती नेटवर्कची पूर्वतयारी

घरून दिल्या जाणाऱ्या प्रॉक्टर्ड परीक्षेत प्रश्न उतरवून घ्यायला फारसा डेटा लागत नाही. परीक्षार्थीचे चित्र, आवाज आणि अनेकदा संगणकाचा पडदाही मात्र अखंड वर पाठवावा लागतो. त्यामुळे जाहिरातीतला डाउनलोडचा वेग इथे दुय्यम असतो. अपलोड किती आणि किती स्थिर, हे पाहावे लागते.

भिंती आणि शेजारच्या राउटरांची गर्दी यांमुळे वायफायवर अधूनमधून पॅकेट गळतात. चित्रपट पाहताना ते जाणवत नाही, कारण पुढचा भाग आधीच साठवलेला असतो. थेट चित्रणात ती सवड नसते. म्हणून राउटरच्या लॅन पोर्टपासून लॅपटॉपपर्यंत केबल टाकतात. लॅपटॉपला पोर्ट नसल्यास यूएसबी अडॅप्टर चालतो. केबल जोडल्यावर वायफाय बंद करून विंडोजवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन वेगळ्या खिडक्यांत पुढील दोन चाचण्या घेतात. पत्ता आपापल्या राउटरचा घालावा.

```
ping -t 192.168.1.1
ping -t 8.8.8.8
```

पहिल्या चाचणीतच उत्तरे गळत असतील, तर दोष केबल, अडॅप्टर किंवा राउटरचा. पहिली स्वच्छ आणि दुसरी अडखळणारी असेल, तर अडचण बहुधा राउटरच्या पलीकडे असते. मात्र घरातल्या कुणाचा फोन त्याच वेळी फोटोंचा बॅकअप घेत असेल, तरी असेच दिसते. अपलोड भरून गेला की राउटरपाशी पॅकेटांची रांग लागते आणि विलंब काही पटींनी वाढतो. फोनचे वायफाय बंद केल्यावर आकडे खाली आले, तर कारण सापडले. परीक्षेच्या काळात विंडोज अपडेट आणि क्लाउड सिंक थांबवून ठेवतात. घरातला टीव्हीही त्या जोडणीवर नसलेला बरा.

पर्यायी हॉटस्पॉटसाठी ब्रॉडबँडपेक्षा वेगळ्या कंपनीचे सिम घ्यावे, नाहीतर एकाच बिघाडात दोन्ही वाटा बंद होण्याची शक्यता राहते. डेटाचा हिशेबही आधी करावा लागतो. १ एमबीपीएस दराने ३ तास अपलोड केल्यास सुमारे १.३५ जीबी खर्च होतो. रोज १.५ जीबी देणाऱ्या योजनेत सकाळी थोडे व्हिडिओ पाहिले असतील, तर पेपर संपण्याआधी डेटा संपेल आणि उरलेल्या ६४ केबीपीएसच्या वेगावर कॅमेऱ्याचे चित्रण चालत नाही. वीज गेल्यास लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, राउटर धरत नाही. राउटर आणि फायबरचा ओएनटी या दोन्हींना छोटा डीसी यूपीएस लागतो.

हॉटस्पॉटवर जाताना सार्वजनिक आयपी पत्ता बदलतो आणि चालू सत्र तुटू शकते. पुन्हा प्रवेश मिळतो की प्रॉक्टरची परवानगी लागते, हे परीक्षेनुसार ठरते. अनेक परीक्षांत खोलीत फोन ठेवायला बंदी असते. अशा वेळी हॉटस्पॉटचा फोन कुठे ठेवायचा आणि तो कुणी सुरू करायचा, हे परीक्षा घेणाऱ्या संस्थेला आधीच विचारून घ्यावे लागते.