काचेची पारदर्शकता

काच ज्या वाळूपासून तयार होते ती अपारदर्शक दिसत असली, तरी तिचा एकेक कण बहुधा पारदर्शकच असतो. काचेसाठी लागणारी वाळू प्रामुख्याने क्वार्ट्झ म्हणजे स्फटिकरूप सिलिका असते. तिचा स्वच्छ कण भिंगाखाली पाहिल्यास त्यातून आरपार दिसते. अपारदर्शकता कणांची नसून ढिगाची असते.

हवेचा अपवर्तनांक १ आणि क्वार्ट्झचा सुमारे १.५ आहे. त्यामुळे हवेतून कणात शिरताना व कणातून बाहेर पडताना, प्रत्येक पृष्ठभागावर साधारण ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. अर्धा मिलिमीटर व्यासाचे २० कण एकावर एक ठेवले, तर थराची जाडी अवघी १ सेंटिमीटर होते. परंतु प्रकाशाला ४० पृष्ठभाग ओलांडावे लागतात आणि त्याचा सुमारे पाचवा हिस्साच सरळ पलीकडे पोहोचतो. हा हिशेब सपाट पृष्ठभागांचा आहे. प्रत्यक्षात कण वेडेवाकडे असल्याने उरलेल्या किरणांच्याही दिशा बदलतात व पलीकडची आकृती पूर्णपणे पुसली जाते. साखर, मीठ किंवा कुटलेली काच पांढरी दिसते तीही याच कारणाने. प्रयोगशाळेतील बोरोसिलिकेट काचेचे तुकडे ग्लिसरिनमध्ये बुडवले, तर ते जवळजवळ अदृश्य होतात, कारण दोहोंचा अपवर्तनांक सुमारे १.४७ आहे.

भट्टीत नेमके हे पृष्ठभागच नाहीसे होतात. शुद्ध सिलिका वितळण्यास सुमारे १,७०० अंश सेल्सिअस तापमान लागते. सोडा मिसळल्याने ते बरेच खाली येते, तर चुनखडीमुळे तयार काच पाण्यात विरघळत नाही. कण एकजीव होतात, त्यांमधील हवा बुडबुड्यांच्या रूपाने निघून जाते आणि आत एकही सीमा उरत नाही. बुडबुडे अडकून राहिले किंवा काच फार सावकाश थंड होऊन तीत सूक्ष्म स्फटिक तयार झाले, तर नव्या सीमा निर्माण होऊन ती धूसर होते.

सीमा नसणे मात्र पुरेसे नाही. लोखंडाच्या अखंड तुकड्यातूनही काही दिसत नाही. पदार्थाने प्रकाश शोषूही नये लागतो. सिलिकातील इलेक्ट्रॉनांना वरच्या ऊर्जापातळीवर जाण्यासाठी सुमारे ९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. दृश्य प्रकाशाच्या फोटॉनची ऊर्जा केवळ १.६ ते ३.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याने तो न शोषला जाता पार होतो. काच अस्फटिकी असल्यामुळेच पारदर्शक असते, हा समज बरोबर नाही. स्फटिकरूप क्वार्ट्झही तितकाच पारदर्शक असतो.

वाळूचा पिवळसर वा तांबूस रंग मुख्यत्वे लोहाच्या ऑक्साइडांमुळे येतो आणि तो दोष भट्टीत जात नाही. खिडकीची काच समोरून रंगहीन भासते, पण कडेने पाहिल्यास हिरवट दिसते, कारण त्या दिशेने प्रकाश लोहयुक्त काचेतून बराच लांब प्रवास करतो. म्हणूनच स्वच्छ काचेसाठी अत्यल्प लोह असलेली वाळू निवडतात. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यात सिलिका वाळूच्या खाणी आहेत. दख्खनमधील नद्यांची बेसाल्टपासून झालेली काळसर वाळू बांधकामात चालते, स्वच्छ काचेला चालत नाही.