मूत्रमार्गस्राव, पुरुषांतील

पुरुषाच्या मूत्रमार्गातून पू किंवा चिकट द्रव येणे व लघवीच्या वेळी आग होणे, असा हा लैंगिक संसर्गजन्य विकार आहे.

याची प्रमुख कारणे दोन : १८७९ मध्ये नायसरने शोधलेल्या गोलाणूमुळे होणारा परमा आणि क्लॅमिडिया. परम्यात संबंधानंतर बहुधा दोन ते पाच दिवसांत दाट पिवळसर पू दिसतो. क्लॅमिडियाचा स्राव एक ते तीन आठवड्यांनी, पातळ व अल्प असतो, आणि म्हणूनच तो दुर्लक्षिला जातो.

स्रावाच्या ग्रॅमरंजित काचपट्टीवर पूपेशींच्या आत जोडीजोडीने गुलाबी गोलाणू दिसल्यास परमा निश्चित होतो. पूपेशी असून गोलाणू नसल्यास क्लॅमिडियाचा संशय बळावतो, परंतु गोलाणू दिसले तरी क्लॅमिडिया सोबत नाही असे ठरत नाही. लघवीच्या पहिल्या धारेची जनुकीय चाचणी दोहोंचा निर्णय देते.

आष्टी (जि. वर्धा) यांसारख्या तालुक्याच्या ठिकाणी, जेथे ही चाचणी हाताशी नसते, तेथे लक्षणांवरूनच दोन्ही रोगांवर एकदम उपचार करणे इष्ट होय. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या करड्या संचात याकरिता सेफिक्सिम ४०० मिग्रॅ. व ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम, एकाच मात्रेत, दिले जात आले आहे. प्रतिरोध वाढल्याने अन्यत्र सेफ्ट्रिॲक्झोनची सुई व सात दिवस डॉक्सिसायक्लिन पसंत करतात.

जोडीदारावर उपचार न झाल्यास रोग परततो, सात दिवस संबंध वर्ज्य असून एचआयव्ही व उपदंशाची रक्ततपासणीही करावी (पहा : उपदंश, एड्स).