जपानीत दोन बिअर मागवताना...

जपानमधील उपाहारगृहात 'बीरु निहोन' असे सांगितले की टेबलावर बिअरच्या दोन बाटल्या येतात. 'बीरु निहाइ' म्हटले तर दोन पेले. बाटली किंवा पेला हा शब्द उच्चारलेलाच नसतो. फरक पडतो तो 'नि' म्हणजे दोन या अंकाला जोडलेल्या छोट्या शब्दामुळे. अशा शब्दांना संख्यावर्गक म्हणतात.

जपानी आणि चिनी भाषांत वस्तूंच्या नामांना सहसा अनेकवचन नसते आणि संख्याही नामाला थेट लागत नाही. वस्तूचा आकार किंवा जात सांगणारा शब्द संख्येला जोडावा लागतो. जपानीत पेन्सिल, छत्री, झाड, केळे अशा लांबट वस्तूंना 'होन', तर कागद, शर्ट, ताटली अशा चपट्या वस्तूंना 'माइ' लागतो. त्यात उच्चारही बदलतो: एक असेल तर 'इप्पोन', दोन 'निहोन', तीन 'सानबोन'. नवशिक्याची येथे हमखास त्रेधा उडते. 'होन' चित्रपट, फोन कॉल आणि बेसबॉलमधील होमरन यांनाही चालतो. फिल्मची लांब पट्टी, टेलिफोनची तार, चेंडूचा लांबलचक मार्ग डोळ्यांसमोर आणला की त्यामागची संगती लागते. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ यांनी १९८७ मधील आपल्या ग्रंथात या 'होन'ची विस्ताराने चर्चा केली आहे.

खरी फसगत होते ती दोन्ही भाषा शिकणाऱ्याची. 'होन'चे अक्षर चिनीत 'बेन' असे वाचले जाते आणि ते पुस्तके मोजते. 'सान बेन शू' म्हणजे तीन पुस्तके. जपानीत मात्र पुस्तकांसाठी 'सात्सु' हा वेगळाच शब्द आहे. चिनीतील 'चांग' कागदाबरोबर टेबल आणि पलंगही मोजतो, कारण त्यांचा पृष्ठभाग सपाट असतो. जपानी 'माइ' टेबलाला चालत नाही. चिनीत योग्य शब्द आठवला नाही, तर 'गे' या सर्वसाधारण वर्गकावर वेळ निभावते. अर्थ कळतो, पण 'सान गे शू' कानाला खटकते.

इंग्रजीला हा प्रकार अगदीच परका नाही. 'थ्री शीट्स ऑफ पेपर' मधील 'शीट' काढून नुसते 'थ्री पेपर्स' म्हटले, तर ऐकणाऱ्याला तीन वृत्तपत्रे किंवा तीन निबंध वाटतील. 'फिफ्टी हेड ऑफ कॅटल' हा प्रयोग तर चिनीच्या आणखी जवळचा. येथे 'हेड'ला अनेकवचनाचा 'एस' लागत नाही, आणि चिनीतही गाय मोजताना 'तोउ', म्हणजे डोकेच, वापरतात. मात्र इंग्रजीत ही गरज कागद, गुरे अशा थेट न मोजल्या जाणाऱ्या नामांपुरतीच आहे. 'थ्री बुक्स' म्हणताना मध्ये काहीच लागत नाही. चिनीत तेथेही सुटका नाही. 'तीन जण' आणि कागदाचे 'चार ताव' म्हणणारी मराठीही या बाबतीत इंग्रजीच्याच बाजूला उभी आहे.