‘यूज्ड टू’, ‘वुड’ आणि ‘बी यूज्ड टू’ : एका ‘सवयी’चे तीन अर्थ

नोकरीच्या मुलाखतीत उमेदवाराला विचारले जाते, की कार्यालयात उशिरापर्यंत थांबावे लागले तर चालेल का? ‘मला उशिरापर्यंत काम करण्याची सवय आहे’ असे त्याला सांगायचे असते. तो म्हणतो, ‘आय यूज्ड टू वर्क लेट’. ऐकणाऱ्याला मात्र त्यातून वेगळेच कळते : ‘पूर्वी मी उशिरापर्यंत काम करीत असे, आता करीत नाही.’ उमेदवाराला म्हणायचे होते ‘आय अ‍ॅम यूज्ड टू वर्किंग लेट’. एक ‘अ‍ॅम’ गळला, क्रियापदाचा ‘आयएनजी’ गेला आणि होकाराचा नकार झाला.

इंग्रजीच्या सराव-पुस्तकांत ‘यूज्ड टू’, ‘वुड’ आणि ‘बी यूज्ड टू’ यांचे स्वाध्याय बहुधा एकत्रच दिलेले असतात. मराठी विद्यार्थ्यांची त्यांत वारंवार गफलत होते. तिचे एक मोठे कारण मराठीतच आहे. या रचनांचे भाषांतर करताना मराठीत ‘सवय’ हा एकच शब्द पुढे येतो. तो शब्द थोडा उकलून पाहिला, तर पुष्कळसा गोंधळ निवळतो.

‘सवय’ म्हणजे नेमके काय?

‘आजोबांना पहाटे फिरायला जाण्याची सवय होती’ या वाक्याचे दोन अर्थ होऊ शकतात. पहिला अर्थ असा, की आजोबा रोज पहाटे फिरायला जात असत. येथे भूतकाळात पुन:पुन्हा घडणाऱ्या क्रियेविषयी सांगितले आहे. दुसरा अर्थ असा, की पहाटे उठून बाहेर पडणे आजोबांच्या अंगवळणी पडले होते, त्यात त्यांना काही अवघड वाटत नसे. येथे क्रिया किती वेळा घडली हे महत्त्वाचे नाही. तिच्याशी झालेला परिचय महत्त्वाचा आहे.

इंग्रजीत पहिल्या अर्थासाठी ‘यूज्ड टू’ किंवा ‘वुड’ येते, तर दुसऱ्यासाठी ‘बी यूज्ड टू’. म्हणून स्वाध्याय सोडविताना ‘सवय’ हा शब्द बाजूला ठेवून त्याच्या जागी दोन पर्याय लावून पाहावेत. ‘जात असे’, ‘करीत असे’ असे म्हणता आले तर पहिला गट. ‘अंगवळणी पडले आहे’, ‘त्याचे काही वाटत नाही’ असे म्हणता आले तर दुसरा गट.

दुसऱ्या गटातील रचनेची खूणही मराठीतच सापडते. मराठीत ‘गर्दीची सवय’, ‘थंडीची सवय’ असे म्हणतात, म्हणजे ‘सवय’ या शब्दाआधी नाम येते. क्रिया सांगायची असेल तर तिचेही नाम करावे लागते : ‘उठण्याची सवय’, ‘थांबण्याची सवय’. इंग्रजीतही तसेच आहे. ‘बी यूज्ड टू’मधील ‘टू’ हे शब्दयोगी अव्यय आहे. त्याच्यापुढे नाम येते, नाहीतर ‘आयएनजी’ लावून नामासारखे केलेले क्रियापद येते. म्हणून ‘शी इज यूज्ड टू द क्राउड’ आणि ‘शी इज यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’ ही वाक्ये बरोबर, तर ‘शी इज यूज्ड टू गेट अप अर्ली’ हे चूक. शंका आल्यास ‘टू’नंतर ‘इट’ ठेवून पाहावे. ‘शी इज यूज्ड टू इट’ हे वाक्य पूर्ण होते, तेव्हा तेथे नामाचीच जागा आहे हे सिद्ध होते.

या रचनेत काळ ‘बी’ या क्रियापदातून कळतो. ‘अ‍ॅम’, ‘इज’, ‘वॉज’, ‘विल बी’ यांपैकी काहीही येऊ शकते. सवय अजून व्हायची असेल किंवा हळूहळू होत असेल, तर ‘बी’च्या जागी ‘गेट’ येते. ‘आय अ‍ॅम गेटिंग यूज्ड टू द न्यू ऑफिस’ म्हणजे नव्या कार्यालयात हळूहळू रुळतो आहे.

‘यूज्ड टू’ आणि ‘वुड’ : कोठे वेगळे होतात?

पहिल्या गटातील दोन रचना बऱ्याचदा एकमेकींच्या जागी चालतात, पण नेहमी नाही. मराठीत रीतिभूतकाळ क्रिया आणि स्थिती या दोहोंना सारखाच लागू पडतो. ‘तो रोज पोहायला जात असे’ असे म्हणतात, तसेच ‘तेथे एक वडाचे झाड असे’ किंवा ‘तिला गाणे आवडत असे’ असेही म्हणतात. इंग्रजीतील ‘यूज्ड टू’ही दोन्ही ठिकाणी चालते. ‘वुड’ मात्र पुन:पुन्हा घडणाऱ्या प्रसंगासाठीच योजतात. सलग टिकून राहिलेल्या स्थितीसाठी ते चालत नाही.

म्हणून ‘ही वुड स्विम एव्हरी मॉर्निंग’ हे ठीक आहे. ‘देअर वुड बी अ बनियन ट्री हिअर’ याचा अर्थ मात्र ‘येथे पूर्वी वड होता’ असा होत नाही. तेथे ‘देअर यूज्ड टू बी’ असेच हवे. राहणे, असणे, जवळ असणे, माहीत असणे, आवडणे, वाटणे ही क्रियापदे आली, की ‘वुड’ टाळावे. यात एक बारकावा आहे. ‘ही वुड बी वेटिंग अ‍ॅट द गेट एव्हरी इव्हनिंग’ हे वाक्य चालते, कारण येथील वाट पाहणे हा रोज संध्याकाळी नव्याने घडणारा प्रसंग आहे.

दुसरा फरक संदर्भाचा आहे. ‘यूज्ड टू’ उच्चारताच काळ भूतकाळ आहे हे कळते. ‘वुड’ला इतर अर्थही आहेत, त्यामुळे ते एकटे आले तर ऐकणारा ‘करील’, ‘केले असते’ अशा अर्थांकडे वळू शकतो. म्हणून आधी ‘यूज्ड टू’ने किंवा साध्या भूतकाळाने काळ ठरवून द्यावा आणि पुढचे तपशील ‘वुड’ने सांगावेत.

तिसरी मर्यादा दोघांनाही लागू आहे. कृती एकूण किती वेळा केली किंवा एखादी गोष्ट एकंदर किती वर्षे चालली हे सांगायचे असेल, तर साधा भूतकाळ वापरावा. ‘आय यूज्ड टू लिव्ह देअर फॉर फाइव्ह इयर्स’ हे चूक, ‘आय लिव्ह्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स’ हे बरोबर. ‘वर्षातून तीनदा’ ही मात्र वारंवारता आहे, एकूण बेरीज नाही. ती ‘यूज्ड टू’बरोबर चालते.

एक उतारा सोडवून पाहू

पुढील उताऱ्यातील प्रत्येक वाक्यासाठी योग्य रचना निवडायची आहे, असे समजू.

‘आजोबा तरुणपणी गिरगावात (राहणे). त्या काळी मुंबईत ट्राम (असणे). रोज सकाळी ते चौपाटीपर्यंत (चालत जाणे). त्यांना चहा (न आवडणे). त्यांनी एका गिरणीत तीस वर्षे (काम करणे). मग ते ठाण्याला आले. सुरुवातीला त्यांना पंधराव्या मजल्यावर (राहणे) सवयीचे नव्हते. आता ते लिफ्टला (सरावणे). ही किल्ली गच्चीचे दार (उघडणे) वापरतात.’

‘राहणे’ ही स्थिती आहे आणि काळ अजून ठरलेला नाही, म्हणून ‘यूज्ड टू लिव्ह’. ट्रामचे ‘असणे’ हीदेखील स्थिती, म्हणून ‘देअर यूज्ड टू बी ट्राम्स’. मुंबईतील ट्राम १९६४ साली बंद झाली. ‘पूर्वी होती, आता नाही’ ही छटा ‘यूज्ड टू’मध्ये आपोआप येते. रोज चालत जाणे ही पुन:पुन्हा घडणारी क्रिया आहे आणि काळही आता स्पष्ट झाला आहे. येथे ‘यूज्ड टू वॉक’ चूक नाही, पण ‘वुड वॉक’ अधिक सहज वाटते.

चहा न आवडणे ही स्थिती, आणि वाक्य नकारार्थी. उत्तर ‘डिडन्ट यूज टू लाइक टी’. ‘डिड’ने भूतकाळ दाखविल्यावर ‘यूज्ड’मधील शेवटचे ‘डी’ हे अक्षर गळते. उच्चारात फरक कळत नाही, त्यामुळे लिहिताना ही चूक हमखास होते. प्रश्नातही तसेच : ‘डिड ही यूज टू लाइक टी?’

गिरणीतील तीस वर्षे हा एकूण कालावधी आहे, म्हणून नुसते ‘वर्क्ड’. सवयीच्या स्वाध्यायात साधा भूतकाळ उत्तर म्हणून येईल अशी अपेक्षा नसते. त्यामुळे याच जागी अनेक जण फसतात.

पंधराव्या मजल्यावर राहणे अंगवळणी पडले नव्हते, म्हणून ‘वॉजन्ट यूज्ड टू लिव्हिंग’. त्याच उताऱ्यात आधी ‘यूज्ड टू लिव्ह’ आले होते, येथे ‘लिव्हिंग’ आले. फरक आधीच्या ‘वॉजन्ट’ने केला. लिफ्टला सरावणे ही झालेली प्रक्रिया म्हणून सांगायची तर ‘हॅज गॉट यूज्ड टू द लिफ्ट’, आणि आजची स्थिती म्हणून सांगायची तर ‘इज यूज्ड टू द लिफ्ट’. दोन्ही उत्तरे ग्राह्य आहेत.

किल्लीचे वाक्य मात्र या कुटुंबातले नाहीच. ‘द की इज यूज्ड टू ओपन द डोअर’ येथे ‘यूज’ म्हणजे वापरणे, आणि वाक्य कर्मणी प्रयोगाचे आहे. रचना ‘बी यूज्ड टू’सारखी दिसते, पण ‘टू’पुढे मूळ क्रियापद आले आहे. किल्लीला सवय लागत नाही, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे. कानालाही फरक कळतो : वापरण्याच्या अर्थी उच्चार ‘यूझ्ड’ असा होतो, तर सवयीच्या दोन्ही अर्थी ‘यूस्ट’.

वर्तमानकाळाचा मोह

आणखी एक चूक भारतीयांच्या इंग्रजीत विशेष आढळते. ‘मी रोज व्यायाम करतो’ यासाठी ‘आय यूज टू एक्सरसाइज डेली’ असे म्हटले जाते. काही शतकांपूर्वीच्या इंग्रजीत हे क्रियापद सवयीच्या अर्थाने वर्तमानकाळातही चालत असे. आजच्या प्रमाण इंग्रजीत तो वापर उरलेला नाही. आजच्या सवयीसाठी साधा वर्तमानकाळ पुरेसा आहे : ‘आय एक्सरसाइज डेली’. सवयीवर भर द्यायचा असेल, तर ‘यूजुअली’ हे क्रियाविशेषण जोडावे.

तेव्हा रिकामी जागा भरताना आधी वाक्यातील ‘सवयी’चा अर्थ ठरवावा. ‘करीत असे’ असा असेल, तर ती क्रिया की स्थिती हे पाहून ‘वुड’ चालेल की नाही ते ठरते. ‘अंगवळणी पडले आहे’ असा असेल, तर ‘यूज्ड’आधी ‘बी’ किंवा ‘गेट’चे रूप आहे ना, आणि ‘टू’पुढे नाम किंवा ‘आयएनजी’ आहे ना, हे तपासावे. मुलाखतीतील उमेदवाराचे वाक्य या दुसऱ्या तपासणीत अडकले असते.