भांगेचें पान आणि कायद्याच्या व्याख्या

महाशिवरात्रीस वसईहून तुंगारेश्वराच्या दर्शनास निघालेल्या माझ्या एका माजी विद्यार्थ्यानें वाटेंत मला विचारलें, "गुरुजी, काशीस भांग परवान्याच्या दुकानांत उघड विकत मिळते. तीच पुडी मीं येथें आणली तर तो गुन्हा कसा?"

या प्रश्नाचें उत्तर रसायनशास्त्रांत नाहीं, तें व्याख्येंत आहे. एकाच झाडाच्या पानांची भांग होते, मादी झाडाच्या फुललेल्या चिकट शेंड्यांचा गांजा आणि राळेचा चरस. आपल्या लोकांना हा भेद पूर्वींपासून ठाऊक होता. सरकारदफ्तरीं तो नीट उतरला १८९४ सालीं. पार्लमेंटांत प्रश्न निघाल्यामुळें आदल्या वर्षीं मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालीं एक कमिशन नेमलें गेलें होतें. त्यानें हजाराहून अधिक साक्षी घेतल्या आणि संपूर्ण बंदी अनावश्यक ठरविली.

पुढें १९२५ च्या जिनीव्हा करारांत बंधन आलें तें शेंड्यांवर. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानेंही शेंड्यांवांचून असलेलीं पानें गांजाच्या व्याख्येंतून वगळलीं, आणि भारताच्या १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यानें तीच व्याख्या घेतली. अमेरिकेंत पानाची अशी वेगळी परंपरा नव्हती. तेथील १९७० च्या कायद्यानें पानासकट जवळजवळ सर्व झाड सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टांत घातलें.

मग वसईंत अडचण कोठें? मुंबई राज्यानें १९४९ सालीं दारूबंदीचा कायदा केला, तेव्हां मादक द्रव्यांच्या व्याख्येंत भांगेचें नांव स्पष्ट घातलें. तो कायदा महाराष्ट्रांत अद्याप लागू आहे. म्हणून केंद्राच्या कायद्यांतून सुटलेलें पान येथें राज्याच्या कायद्यांत सांपडतें. उत्तर प्रदेशांत त्यालाच परवाना मिळतो.

व्याख्येवर केवढें अवलंबून असतें, तें वजनाच्या हिशेबांत दिसतें. समजा, कोणाजवळ पाला, देठ व शेंडे मिळून २२ किलो माल सांपडला. गांजाची व्यापारी मर्यादा २० किलो आहे. तिच्यावर गेल्यास शिक्षा किमान १० वर्षांची, आणि जामीन अतिशय दुर्घट. पण पाला व देठ निवडून काढले आणि शेंडे ८ किलोच भरले, तर शिक्षा १० वर्षांपर्यंत, म्हणजे त्याहून कमीही होऊं शकते. अंमल आणणारें द्रव्य पानांतही असतें, शेंड्यांतही. तेव्हां त्याच्या नुसत्या रासायनिक परीक्षेनें हा भेद उलगडत नाहीं. पंचनाम्याच्या वेळीं माल निवडून तोलला होता काय, हें पाहावें लागतें. पुष्कळदां तो तसाच पोत्यांत भरून तोललेला असतो. माझ्या मतें आरोपीच्या आयुष्याचीं वर्षें त्या तराजूवर ठरतात. सर्व वजन धरावें कीं शेंड्यांचेंच, याविषयीं निरनिराळ्या उच्च न्यायालयांनीं निरनिराळे निर्णय दिले आहेत.

त्या विद्यार्थ्याला मीं इतकेंच सांगितलें, "काशीचा परवाना काशींत; पुडी तेथेंच ठेव."