डोकेदुखी : गावातला डॉक्टर, मेंदूविकारतज्ज्ञ की थेट १०८?

डोकं दुखायला लागलं की किराणा दुकानातून एक गोळी आणायची, ही गावाकडची पहिली पायरी. ती नाही लागू पडली की मग एकदम शहरातल्या मेंदूच्या डॉक्टरकडे जायचं, असं बरेच जण करतात. खरं तर बहुतेक डोकेदुखीचं निदान गावातला डॉक्टर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रच करू शकतं. मात्र काही डोकेदुखी अशी असते की तिच्यासाठी कोणत्याही ओपीडीची वाट बघायची नसते.

आधी हीच डोकेदुखी ओळखून ठेवावी. दुखणं एका मिनिटाच्या आत टोकाला पोचलं, माणूस म्हणतो "असं कधीच दुखलं नव्हतं", तर मेंदूत रक्तस्राव झालेला असू शकतो. डोकेदुखीसोबत तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं, फिट येणं, तापात मान ताठणं किंवा डोक्याला मार लागल्यावर उलट्या होणं, यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करावा. गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईचं डोकं जोरात दुखून डोळ्यांपुढे चमकायला लागलं, तर बीपी वाढलेलं असू शकतं. तिथंही रात्र काढू नये.

फवारणीच्या दिवसांत आणखी एक गोष्ट. डोकं दुखतंय, सोबत घाम, तोंडाला लाळ, मळमळ, डोळ्यांना अंधुक दिसतंय, तर ते उन्हाचं समजू नये. औषधाची विषबाधा असते ती. कपडे काढून साबणाने अंग धुवावं आणि दवाखान्यात जाताना औषधाची बाटली किंवा लेबल सोबत न्यावं.

१०८ वर गाव, वस्ती आणि जवळची खूण आधी सांगावी. त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवावं. रक्ताच्या गाठीमुळे पक्षाघात झाला असेल तर गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते देण्याआधी सीटी स्कॅन लागतो. त्यामुळे जिथं स्कॅन आहे तिथंच पेशंट न्यायचा. मधल्या वेळेत अ‍ॅस्पिरिन देऊ नये, रक्तस्राव असेल तर ती घातक ठरते. तोंडात पाणीही घालू नये.

बाकीच्या डोकेदुखीसाठी आपला नेहमीचा डॉक्टर. समजा, ३८ वर्षांची एक बाई आहे. आठवड्यातून दोनदा अर्धं डोकं ठणकतं, मळमळ होते, उजेड सहन होत नाही. ही अर्धशिशी. ती वेदनाशामक गोळ्या घेत गेली, आणि चार महिन्यांनी महिन्यातले वीस दिवस डोकं दुखायला लागलं. आता गोळीच दुखणं वाढवतेय. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की असं होऊ शकतं. मिश्र गोळ्यांना तर १० दिवसही पुरतात. डॉक्टर तिचं बीपी बघतील, डोळे तपासायला सांगतील, गोळ्या बंद करून दुखणं टाळणारं रोजचं औषध सुरू करतील. गोळी सोडल्यावर पहिले काही दिवस डोकं जास्त दुखतं. तिथंच लोक डॉक्टर बदलतात. टाळणाऱ्या औषधाला दीड-दोन महिने तरी द्यावे लागतात.

तेवढं करूनही फरक नाही, निदानच पक्कं होत नाही, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच नव्या प्रकारची डोकेदुखी सुरू झाली, तर मेंदूविकारतज्ज्ञ, म्हणजे न्यूरोलॉजिस्ट. पन्नाशीनंतर कानशील दुखतंय, चावताना जबडा दुखतोय, नजर कमी झाली असेल, तर त्याच दिवशी दाखवावं. नजर कायमची जाऊ शकते.

सरकारी वाटेने जायचं तर आरोग्य केंद्रातून ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, तिथून जिल्हा रुग्णालय, तिथून मेडिकल कॉलेज. न्यूरोलॉजिस्ट बहुधा शेवटच्या ठिकाणीच भेटतो, आणि त्याची ओपीडी रोज असेलच असं नाही. वार आधी विचारूनच एसटी धरावी. खासगी न्यूरोलॉजिस्टकडे चिठ्ठीशिवायही जाता येतं, पण चिठ्ठी असली तर तपासण्या दुबार होत नाहीत. चिठ्ठीवर त्रास कधीपासून, बीपी किती, कोणती औषधं किती दिवस दिली आणि कशासाठी पाठवलं, एवढं हवंच. नुसतं "हायर सेंटर" लिहिलं असेल तर तिथंच थांबून कारण लिहून घ्यावं.

सोबत न्यायचं ते असं: जुने कागद, गोळ्यांची रिकामी पाकिटं, आणि महिनाभराची वही, ज्यात दुखलेला दिवस, वेळ आणि घेतलेली गोळी लिहिलेली असेल. तपासून आल्यावर तज्ज्ञाचा कागद परत गावातल्या डॉक्टरला दाखवावा. पुढचं औषध त्याच्याच देखरेखीखाली चालणार असतं.