धबधब्यातील उभे पट्टे: जुन्या खेळांच्या चित्रावर स्कॅनलाइन परत आणताना

#धागा

१/
१९९१ साली सेगाच्या मेगा ड्राइव्ह या यंत्रासाठी ‘सॉनिक द हेजहॉग’ हा खेळ प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्याच प्रदेशात, ग्रीन हिल झोनमध्ये, एक धबधबा आहे. आज एम्युलेटरवर तो पाहिला की पाण्याच्या जागी उभ्या पट्ट्यांची जाळी दिसते. त्या काळी घरच्या दूरचित्रवाणी संचावर पाहणाऱ्यांना मात्र तेथे अर्धपारदर्शक पाणी दिसत असे. खेळातील माहिती दोन्हीकडे एकच आहे. फरक पडला आहे तो पडद्यामुळे.

२/
मेगा ड्राइव्हला दोन रंगांचे थर अर्धपारदर्शक रीतीने एकमेकांत मिसळण्याची सोय फारशी नव्हती. म्हणून चित्रकारांनी एक स्तंभ पाण्याचा आणि पुढचा मागच्या दृश्याचा, अशी एकाआड एक रचना केली. यंत्रातून निघणारा कंपोझिट संकेत एकाच तारेतून प्रकाश आणि रंग दोन्ही नेत असे, आणि इतका बारीक फरक त्यात टिकत नसे. स्तंभ एकमेकांत विरघळत आणि पाणी पारदर्शक भासे. संचाचा दोष येथे कलेच्या कामी आला होता.

३/
आता आडव्या रेषांकडे वळू. अमेरिका व जपानमधील प्रसारणात चित्राच्या ५२५ रेषा असत. त्या दोन फेऱ्यांत रंगवल्या जात, प्रत्येक फेरीत २६२.५. त्या अर्ध्या रेषेमुळे दुसरी फेरी पहिलीच्या फटींत बसे. खेळयंत्रे मात्र प्रत्येक फेरीत पूर्ण २६२ रेषा पाठवत. अर्धी रेषा गेली, त्यामुळे दोन्ही फेऱ्या एकाच जागी पडत आणि मधल्या फटी काळ्याच राहत. आज ‘स्कॅनलाइन’ म्हणून ओळखली जाणारी खूण ती हीच.

४/
भारतात पाल पद्धत होती: ६२५ रेषा, सेकंदाला ५० फेऱ्या. त्या पद्धतीची यंत्रे फेरीला ३१२ किंवा ३१३ रेषा पाठवत, म्हणून फटी येथेही होत्या. नव्वदच्या दशकात मराठी घरांतील मुले ‘कॅसेट’ घालून जे खेळ खेळली, त्यांचे चित्रही अशाच विलग रेषांनी बनलेले होते. घरगुती संचाचा इलेक्ट्रॉन झोत जाड असल्याने फट बरीचशी भरून निघे, आणि ती कोणाच्या फारशी लक्षात येत नसे.

५/
एम्युलेटरवर हे सारे गणिताने परत आणावे लागते. रेट्रोआर्कमधील `crt-lottes` हा टिमथी लॉट्स यांचा शेडर त्यासाठी उत्तम उदाहरण आहे. तो निवडल्यावर `Shader Parameters` मध्ये या प्रश्नाशी थेट संबंध असलेले चार आकडे सापडतात. त्यांची मूळ मूल्ये अशी:

```
hardScan = -8.0
hardPix  = -3.0
warpX    = 0.031
warpY    = 0.041
```

६/
`hardScan` फटीची खोली ठरवतो. मूल्य -८ असताना दोन रेषांच्या ऐन मधोमध प्रत्येक रेषेचा एक चतुर्थांश प्रकाश पोहोचतो. दोन्ही मिळून तेथे निम्मा उजेड राहतो. -१६ केल्यास तो एक अष्टमांश होतो आणि फट काळीभोर दिसते. -४ केल्यास तो जवळजवळ पूर्ण होतो आणि फट नाहीशी होते. (चमक वाढवणारे `bloomAmount` शून्य धरून हा हिशेब आहे.) धारदार काळ्या रेषा स्टुडिओतील व्यावसायिक मॉनिटरला शोभतात. घरच्या बैठकीच्या खोलीतील संचासाठी -६ अधिक प्रामाणिक आहे. तेथे फटीत सुमारे ७० टक्के उजेड उरतो.

७/
धबधब्याचा प्रश्न मात्र यातून सुटत नाही. स्कॅनलाइन आडव्या असतात आणि पट्टे उभे. कितीही गडद स्कॅनलाइन लावल्या तरी पाणी पारदर्शक होत नाही, आणि बहुतेकांची निराशा येथेच होते. स्तंभांची धार `hardPix` ठरवतो. -३ वर एका स्तंभाच्या मध्यभागी ८० टक्के रंग त्याचा स्वतःचा आणि २० टक्के शेजाऱ्यांचा असतो. -२ वर हे प्रमाण ६७ आणि ३३ होते. -१ वर ते ५३ आणि ४७ इतके जवळ येते की पट्टे संपून पाणी वाहू लागते.

८/
पण -१ वर गुण दाखवणारी अक्षरेही धूसर होतात, कारण हा शेडर सगळ्याच चित्राला सारखाच पसरवतो. खऱ्या संचाचे तसे नव्हते. त्यातील गाळणी रंगवाहक लहरीच्या आसपासचे बारीक तपशील विशेष करून काढून टाके. मेगा ड्राइव्हचे एकाआड एक स्तंभ नेमके त्या लहरीच्या जवळ पडत, तर अक्षरांच्या जाड रेघा बऱ्याच अंशी बचावत. म्हणून जेनेसिस प्लस जीएक्स या कोअरमधील `Blargg NTSC Filter` हा पर्याय `composite` वर ठेवावा आणि `hardPix` पुन्हा -३ वर आणावा. मिसळण्याचे काम संकेताचे, धारेचे काम पडद्याचे.

९/
शेवटी वक्रता. `warpX` उभ्या कडा वाकवतो, `warpY` आडव्या. सोनीच्या ट्रिनिट्रॉन नळीचा पडदा दंडगोलाच्या पृष्ठासारखा होता, वरून खाली सरळ आणि केवळ डावीकडून उजवीकडे वाकलेला. तिच्या अनुकरणात `warpX` शून्य असावा आणि `warpY` अल्प. चहूबाजूंनी फुगीर असलेल्या जुन्या संचासाठी दोन्ही आकडे हवेत.

१०/
वक्रतेची किंमत मोजावी लागते. १०८० पिक्सेल उंचीच्या पडद्यावर मेगा ड्राइव्हच्या २२४ रेषा ४.८ पटींनी ताणल्या जातात. त्यामुळे काही रेषा जाड आणि काही बारीक पडतात. `Integer Scale` चालू केल्यास नेमके चार पट, म्हणजे ८९६ पिक्सेल मिळतात आणि रेषा समान होतात. पण `warpY` ०.०४१ असेल तर सर्वांत वरची रेषा कडेला पोहोचेपर्यंत सुमारे १८ पिक्सेल खाली उतरते. तेथे दोन रेषांतील अंतर ४ ऐवजी ३.८४ पिक्सेल उरते, आणि साधलेली समानता पुन्हा मोडते.

११/
हा बिघाड ओळखायला सॉनिकमधील सपाट निळे आकाश पुरेसे आहे. त्यावर कमानीसारखे रुंद फिकट-गडद पट्टे उमटले, तर ते मुळात नसलेले चित्र आहे. पडताळणी मूळ आकारातच करावी, कारण लहान केलेल्या छायाचित्रातही असे खोटे पट्टे येतात. उपाय दोन आहेत: `warpX` व `warpY` दोन्ही शून्य करणे, किंवा २१६० पिक्सेल उंचीचा पडदा वापरणे. तेथे प्रत्येक रेषेला नऊ पिक्सेल मिळतात आणि पट्टे बरेच मंदावतात.

१२/
म्हणून १०८० च्या पडद्यावर वक्रता सोडून रेषा राखणे इतिहासाला अधिक धरून आहे. काचेचा फुगवटा संचागणिक वेगळा होता आणि खेळ तयार करणाऱ्यांच्या हातात नव्हता. एकाआड एक रंगवलेले ते स्तंभ मात्र त्यांनी जाणीवपूर्वक मांडले होते. धबधबा पाण्यासारखा दिसू लागला, की आकडे जुळले असे समजावे.

(धागा समाप्त)